नोटरी लागेल का?

सत्य स्वयंप्रकाशी असतं. त्याला कुणाच्या सहीची, शिक्क्याची किंवा साक्षीदाराची गरज नसते. हे विधान ज्या कुणी पहिल्यांदा केलं, त्यानं परदेशात कंपनी नोंदवलेली नसणार.

या गोष्टीतला भाषांतरकार एकतीस वर्षं सत्याच्या खालच्या बाजूला सही करत आला होता. जन्मदाखले, गुणपत्रिका, घटस्फोटाचे हुकूम, कंपन्यांच्या नियमावल्या असं जे येईल ते तो दुसऱ्या भाषेत घालायचा आणि शेवटच्या पानावर आपलं निवेदन जोडायचा: मी दोन्ही भाषा जाणतो, सोबतचं भाषांतर मूळ कागदाशी माझ्या माहितीप्रमाणे तंतोतंत आणि पूर्ण जुळतं. खाली सही, नाव, पत्ता, तारीख आणि फोन नंबर. जगाच्या पाठीवर कुठल्याही अधिकाऱ्याला शंका आली तर त्यानं सरळ फोन करून विचारावं, यासाठी तो नंबर. एकतीस वर्षांत कुणालाही शंका आली नव्हती. धंद्याच्या दृष्टीनं हे भूषणावहच म्हणायचं. पण फोनच्या दृष्टीनं पाहिलं तर जरा कठीण दिवस होते.

बायको जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलती एक लेक तीन वर्षांपूर्वी परदेशी गेली. घरात आता तो, दोन शब्दकोश ठेवायची फिरती मांडणी आणि एक प्रिंटर. प्रिंटर बोलायचा, पण फक्त शाई संपली की. दर रविवारी लेकीचा फोन यायचा तो साधारण अकरा मिनिटांचा. ही अकरा मिनिटं तो मोजत नसे. फोन ठेवला की पडद्यावर आपोआप येतं, त्याला तो काय करणार?

त्यामुळे मंगळवारी दुपारी लेकीचं नाव पडद्यावर दिसलं तेव्हा त्यानं दुसरी घंटी वाजू दिली नाही. रविवारशिवाय फोन म्हणजे एक तर अपघात, नाहीतर काम.

"बाबा, काम आहे," लेक म्हणाली. त्याचा जीव भांड्यात पडला.

लेकीची इथं एक लहानशी कंपनी होती. प्रयोगशाळांमधले बारीक तराजू तपासायचे आणि बरोबर मोजतात असा दाखला द्यायचा, हा तिचा उद्योग. म्हणजे घरात दोघंही दाखलेच विकायचे, फक्त बापाचे दाखले शब्दांचे आणि लेकीचे मिलिग्रॅमचे. ती तिकडे गेल्यापासून इथला कारभार तिची भागीदारीण बघत होती. आता तिकडेही चार प्रयोगशाळा गिऱ्हाइक म्हणून मिळाल्या होत्या, तेव्हा कंपनीची शाखा तिकडे रीतसर नोंदवायची होती.

"इथलं नोंदणी कार्यालय तीन कागद मागतंय," ती सांगू लागली. "कंपनीचा नोंदणी दाखला, नियमावली, आणि शाखा उघडायची असा संचालकांचा ठराव. तिन्ही आपल्या भाषेत आहेत. त्यांना भाषांतर हवंय. प्रमाणित भाषांतर, असं लिहिलंय. तेच तू करतोस ना?"

"तेच करतो."

"मग प्रश्न असा की नुसती तुझी सही चालेल, की नोटरी लागेल? आणि ठरावावर माझी सही आहे, ती तिथं येऊन नोटरीसमोर करावी लागेल का? माझी मैत्रीण म्हणते लागते. तिच्या मामाला लागली होती."

"मामाचं काय होतं?"

"काय माहीत. मामाचं होतं. बाबा, तू एकदा नीट बघून सांग. यायचं असेल तर मी पंधरा तारखेचं तिकीट काढते, आठवडाभर राहीन. शुक्रवारपर्यंत सांग, नंतर तिकिटं भडकतात. आणि अठ्ठावीस तारखेपर्यंत सगळं दाखल व्हायलाच हवं. तोपर्यंत कंपनीचं नाव राखून ठेवलंय. तारीख गेली की कुणीही घेऊ शकतं, आणि घेणारा टपून बसलाय."

"आठवडाभर?" त्यानं विचारलं. बाकी सगळं त्यानं ऐकलं होतं, पण विचारलं एवढंच.

"हो. लागणार असेल तर."

फोन चार मिनिटांचा झाला.

आता खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर त्याला फोनवरच माहीत होतं. गेली एकतीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच समजावत आला होता, आणि गिऱ्हाइकं ते न समजता मान हलवत आली होती. प्रमाणित भाषांतर म्हणजे भाषांतरकार स्वतःच्या जबाबदारीवर लिहून देतो की हे बरोबर आहे. तो एकट्याचा उद्योग. नोटरी करायचं तर भाषांतरकार नोटरीसमोर जातो, ओळखपत्र दाखवतो, तिच्या डोळ्यांदेखत सही करतो, आणि नोटरी लिहून देते की हा माणूस माझ्यासमोर समक्ष हजर होता आणि ही सही त्याचीच आहे. भाषांतर बरोबर की चूक याच्याशी तिला काही घेणंदेणं नसतं. त्यात पाकक्रिया लिहिलेली असली तरी तिचा शिक्का खराच. तेव्हा कुठला प्रकार लागणार हे कागदावरून ठरत नाही आणि मैत्रिणीच्या मामावरून तर नाहीच नाही. कागद ज्याला द्यायचा तो काय मागतो, यावरून ठरतं. त्यानं काय मागितलंय ते वाचायचं. वाचून कळलं नाही तर त्यालाच विचारायचं.

त्यानं वाचलं. लेकीनं पाठवलेल्या सूचनापत्रकात पान तीनवर होतं की परभाषेतल्या कागदांसोबत प्रमाणित भाषांतर जोडावं. खाली बारीक टाइपात तळटीप होती: प्रमाणित म्हणजे भाषांतरकाराचं सहीचं निवेदन, नाव, संपर्क आणि तारखेसह. भाषांतरकार कंपनीचा संचालक किंवा भागधारक नसावा. मूळ कागदाची मायदेशातल्या कार्यालयानं दिलेली, तीन महिन्यांच्या आतली प्रत असावी. दुसऱ्या कुणाला आपल्या वतीनं अर्ज करायला नेमत असाल तर ते मुखत्यारपत्र नोटरीकडून साक्षांकित असावं.

लेक दुसऱ्या कुणालाही नेमत नव्हती. अर्ज ती स्वतः करणार होती. म्हणजे मुखत्यारपत्र नाही, म्हणून नोटरी नाही. ठरावावर तिनं तिकडे बसून सही करायची आणि कागद पाठवायचा. तळटीप इतकी स्वच्छ होती की एखाद्याचा संताप व्हावा.

त्यानं ती चारदा वाचली. संदिग्ध वाक्य शोधून काढण्यात तो वाकबगार होता. अख्ख्या कारकिर्दीत त्याला संदिग्धतेची इतकी गरज कधी पडली नव्हती, आणि नेमकी आजच ती कुठं सापडत नव्हती.

बुधवारी त्यानं त्या परदेशी कार्यालयाला मेल लिहिला. भाषांतरकार कसलेला होता, त्यामुळे प्रश्न कसा विचारला की कसं उत्तर येतं हे त्याला ठाऊक होतं. "नोटरी लागते का?" असं न विचारता त्यानं लिहिलं, "आपल्या मान्यवर कार्यालयाची प्रतिष्ठा लक्षात घेता, भाषांतर आणि ठरावावरची सही ही दोन्ही नोटरीसमोर केलेली असणं आपल्याला अधिक समाधानकारक वाटेल असं गृहीत धरावं काय?"

गुरुवारी उत्तर आलं. दोन ओळी. "प्रमाणित भाषांतर पुरेसं आहे. नोटरीकृतही स्वीकारलं जातं." खाली कुणा कारकून बाईंचं आडनाव.

पहिली ओळ त्यानं एकदा वाचली. दुसरी ओळ छापून टेबलावर ठेवली.

स्वीकारलं जातं. म्हणजे खोटं कुठंच नव्हतं. नोटरी केलं तर चालणार होतं. आणि चालणाऱ्या गोष्टीला 'लागते' म्हटलं, तर फरक फक्त एका क्रियापदाचा. माणसं याहून मोठे फरक पचवून पेन्शनीत जातात.

शुक्रवारी सकाळी लेकीला मेल गेला: "चौकशी केली. नोटरी करणं इष्ट. ठरावावरची सही तुझी इथं समक्ष व्हायला हवी. तिकीट काढ."

मेल पाठवल्यावर पुन्हा वाचायची त्याला सवय होती. या वेळी त्यानं ती मोडली.

दुपारी लेकीचा निरोप आला. तिकीट काढलं. पंधराला सकाळी पोचते. खाली एक हसरं तोंड. त्या तोंडाकडे तो बराच वेळ बघत बसला. मग उठून लेकीच्या खोलीत गेला. तिच्या पलंगावर गेली तीन वर्षं जुन्या कामांच्या फायली झोपत होत्या. त्यानं त्या एकेक करून बाहेर काढल्या, वर्षवार लावल्या, आणि मग ठेवायला जागा नाही म्हणून स्वतःच्या पलंगावर ठेवल्या. शनिवारी नवी उशी आणली. दुकानदारानं विचारलं, मऊ हवी की कडक. लेकीला कुठली आवडते हे त्याला आठवेना. त्यानं दोन्ही घेतल्या. रविवारचा फोन आला नाही, आठवड्यावर भेट आली असताना फोन कशाला, असं त्यानं स्वतःच स्वतःला समजावलं.

सोमवारी, दहा तारखेला, पंधराच्या आठवड्यातली वेळ ठरवून ठेवावी म्हणून तो नोटरीकडे गेला.

नोटरी म्हणजे साठीच्या एक वकीलबाई. झेरॉक्सच्या दुकानामागे त्यांची खोली होती. आत जायला दुकानातूनच वाट, त्यामुळे माणूस पोचेपर्यंत दोन्ही मशीनांचा उबारा खाऊन पोचायचा. टेबलावर शिक्क्यांचं झाड, एक जाडजूड नोंदवही, लाल रिबिनीचं रीळ. गेल्या वीस वर्षांत भाषांतरकारानं या टेबलासमोर काही शे वेळा ओळखपत्र दाखवलं होतं. बाई त्याला नावानिशी ओळखायच्या, तरी दर वेळी ओळखपत्र मागायच्या.

"काढा," त्या आजही म्हणाल्या.

"आज सही नाही. वेळ ठरवायला आलोय. माझी लेक येतेय."

"अरे वा! कधी?" बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "लग्नबिग्न?"

"कंपनी."

"असो, तेही टिकलं तर बरंच." त्यांनी हात पुढे केला. "बघू कागद."

त्यानं तिन्ही भाषांतरं पुढे ठेवली. बाईंनी पानं उलटली, मग सूचनापत्रक मागितलं. त्यानं फक्त पहिली दोन पानं आणली होती. बाईंनी दोन पानं बघितली, मग त्याच्याकडे बघितलं.

"तिसरं पान?"

"घरी राहिलं."

"तुमचं? घरी राहिलं?" बाई म्हणाल्या. "भाऊ, तुम्ही मला एकदा गुणपत्रिकेच्या मागची कोरी बाजूसुद्धा जोडून दिली होतीत. 'ही बाजू कोरी आहे' असं भाषांतर करून."

"ती पद्धतच आहे."

"तेच म्हणतेय मी." त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "दाखल कधी करायचंय?"

"अठ्ठावीसच्या आत."

"पोरगी पंधराला येणार. शनिवार. सही सोमवारी, सतराला. मी शिक्का मारला. पुढे? तिकडचा माणूस माझा शिक्का बघून म्हणणार, ही बाई कोण? खरी नोटरी की झेरॉक्सवाली? मग माझी सही खरी आहे असं सरकारचं अपोस्टिल लागणार. शिक्क्यावर शिक्का. खिडकीवर सध्या पंधरा कामाचे दिवस लावताहेत. मोजा."

त्यानं मोजायची गरज नव्हती. सतरापासून पंधरा कामाचे दिवस म्हणजे पुढच्या महिन्याची सात तारीख. हे गणित त्यानं गिऱ्हाइकांना बोटांवर करून दाखवलं होतं. या वेळी त्याच्या सगळ्या मोजण्या पंधरा तारखेला येऊन थांबत होत्या, त्यापुढे महिना आहे हेच त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"ते कदाचित अपोस्टिल मागणार नाहीत," तो म्हणाला.

"कदाचित. नाव जाईल तेही कदाचितच जाईल." बाईंनी चष्मा खाली घेतला. "आणि मुळात त्यांनी नोटरी मागितलीय का? वाचलंत ना? तुम्ही वाचलं नसेल असं मला तरी वाटत नाही."

पलीकडे मशीन पानं फेकत होतं. भाषांतरकार रिबिनीच्या रिळाकडे बघत राहिला.

"स्वीकारतात," तो शेवटी म्हणाला.

"स्वीकारायला काय, मी पण स्वीकारते. लोक मला सत्यनारायणाची पत्रिका साक्षांकित करायला आणून देतील. मागितलीय का ते सांगा."

"नाही."

"आणि पोरीला काय सांगितलंत?"

एकतीस वर्षं तो दुसऱ्यांची वाक्यं नीट पोचवत आला होता. स्वतःचं एक वाक्य पोचवायला निघाला आणि त्यातच असा अडकला.

"आणि हे तिच्या सहीचं काय काढलंत?" बाईंचा आवाज आता खाली आला होता. "सही इथंच कशाला? समजा लागलीच, तर तिकडचे नोटरी काय मेलेत? भाऊ, हे मी तुम्हाला शिकवायचं?"

"नाही."

"मग?"

"आठवडाभर राहणार होती," तो म्हणाला.

बाईंनी नोंदवही मिटली. त्यांची स्वतःची दोन मुलं कुठं असतात हे त्यानं कधी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं. या टेबलावर दोघांमध्ये नेहमी कुणा तिसऱ्याचाच कागद असायचा.

"एक काम करा," तो म्हणाला. "मी आलोच आहे तर निदान माझी सही तरी साक्षांकित करा. भाषांतराखालची. वाया जात नाही."

"जाते," बाई म्हणाल्या. "त्यांना फाइल संगणकावर चढवायची असणार. मी रिबीन ओवून लाखेचं सील मारलं की ते स्कॅन करायला सोडवावं लागणार, आणि सोडवलं की माझं सील मोडलं. मग तुमच्याकडे उरणार एक सुटं भाषांतर आणि मोडकी लाख. लागत नाही तिथं मी शिक्का मारत नाही. चहा घ्या. त्याला ओळखपत्र लागत नाही."

त्यानं चहा घेतला. घेता घेता दोन उशा आणल्याचं सांगून टाकलं. बाई फारसं बोलल्या नाहीत. वीस वर्षांत या खोलीत तो पहिल्यांदाच कागदाविना बसला होता, आणि हातांचं काय करायचं ते त्याला कळत नव्हतं. कप रिकामा झाल्यावर त्यानं तो धरूनच ठेवला.

घरी येऊन त्यानं फोन लावला. लेकीकडे सकाळ होती. मागे काहीतरी टिंग टिंग वाजत होतं. वजनं असावीत.

"बाबा? सोमवारी? काय झालं?"

"काम आहे," तो म्हणाला. "ऐक. नोटरी लागत नाही."

"म्हणजे नियम बदलला?"

"नाही. नियम तोच आहे. पान तीन, तळटीप. माझं निवेदन पुरतं. ठरावावर तू तिथंच सही कर, तुझ्या भागीदारणीची सही इथं मी घेतो. तिच्या सहीचा ठराव आणि भाषांतरं मी आज पाठवतो, तू सही करून उद्या चढव. नोटरीच्या वाटेनं गेलीस तर अठ्ठावीस तारीख चुकेल."

टिंग टिंग थांबलं.

"पण तू शुक्रवारी लिहिलंस—"

"लिहिलं."

"चौकशी केली, असं लिहिलं होतंस."

"चौकशी केली होती. ते खरं आहे. उत्तर निराळं आलं होतं."

परदेशी फोनमध्ये शांततेलाही थोडा उशीर होतो, त्यामुळे ती संपली की नाही हे कळत नाही.

"बाबा, माझं नाव गेलं असतं."

"हो."

"इतकी वर्षं मी त्या नावावर दाखले देतेय. मिलिग्रॅमचा शंभरावा भाग इकडचा तिकडे झाला तर माझी झोप उडते. आणि तू... तू सरळ लिहून दिलंस?"

"सही केली नव्हती," तो म्हणाला, आणि म्हणता क्षणीच त्याला कळलं की आयुष्यात केलेल्या बचावांपैकी हा सगळ्यात फालतू.

ती हसली नाही. रागावलीही नाही. रागावली असती तर फोन जरा लांबला असता.

"मी यायला हवं होतं तुला, तर तसं सांगायचं ना."

"तसं सांगितलं असतं तर आली असतीस?"

लेक खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. तो गुण तिनं आईकडून घेतला होता. ती विचार करत राहिली, आणि तो मनातल्या मनात म्हणत राहिला की आत्ता, या एका वेळी, थोडं इकडचं तिकडे केलंस तरी चालेल.

"या महिन्यात नसते आले," ती म्हणाली. "खरंच नसतं जमलं."

"बरोबर," तो म्हणाला. "मग तू फायली बघ. नियमावलीचं पान सात एकदा तपास, त्यात भाग-भांडवलाचा आकडा आहे. आणि मूळ प्रती तीन महिन्यांच्या आतल्या आहेत ना ते बघ."

"बघते. बाबा..."

"हं?"

"वडिलांनी भाषांतर केलेलं चालतं का?"

"संचालक नसावा, भागधारक नसावा, असं आहे. बापाबद्दल काही लिहिलेलं नाही."

त्या संध्याकाळी त्यानं निवेदनाचं पान छापलं. मी दोन्ही भाषा जाणतो. माझ्या माहितीप्रमाणे तंतोतंत आणि पूर्ण. सही करताना त्याचा हात किंचित थांबला, म्हणून त्यानं पान फाडून पुन्हा छापलं. खाली नाव, पत्ता, तारीख, फोन नंबर. सगळं स्कॅन करून पाठवलं. लेकीचं उत्तर आलं: "मिळालं. पान सात ठीक." या वेळी तोंड नव्हतं.

मंगळवारी फाइल चढली. बुधवारी दुपारी तीन वाजता फोन वाजला. अनोळखी, परदेशी नंबर.

"भाषांतरकार आपणच का?" पलीकडून तिकडच्या भाषेत एका बाईंनी विचारलं. आडनाव सांगितलं. दोन ओळींचा मेल लिहिणाऱ्या त्याच त्या.

तो खुर्चीतून उठून उभा राहिला. एकतीस वर्षं तो नंबर छापत होता तो याच फोनसाठी. त्यानं घसा साफ केला, आपला अनुभव, आपली पद्धत, अवघड संज्ञांसाठी वापरलेले आधार, सगळं एका झटक्यात डोक्यात जुळवलं.

"मीच. विचारा," तो म्हणाला.

"या निवेदनावरची सही आपली आहे?"

"माझी आहे."

"धन्यवाद."

"आणखी काही शंका असेल तर," तो घाईनं म्हणाला, "नियमावलीतल्या कलम चौदाबद्दल बऱ्याच जणांना—"

"नाही, शंका नाही. यादीतून दर पन्नासावा अर्ज निवडून फोन करायचा असतो. आपला पन्नासावा आला."

"अच्छा. तिकडे हवा कशी आहे?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. "मी तळघरात बसते." त्यांनी क्षणभर थांबून, बहुधा नियमात बसतं का याचा विचार करून विचारलं, "तुमच्याकडे?"

"बरी आहे," तो म्हणाला.

फोन एक मिनिट चार सेकंदांचा झाला.

हे सांगायला तो वकीलबाईंकडे गेला. दुकानात गर्दी होती आणि बाईंच्या समोर कुणी जोडपं ओळखपत्रं घेऊन बसलं होतं. बाईंनी बोटानंच विचारलं, सही आहे का? त्यानं मानेनं नाही म्हटलं. मग त्यांनी थांबा अशी खूण केली. तो दोन मशीनांच्या मध्ये थोडा वेळ उभा राहिला आणि घरी आला.

गुरुवारी, तेरा तारखेला, शाखा नोंदली गेली. लेकीनं दाखला पाठवला. वर कंपनीचं नाव, तेच, ठळक अक्षरांत. दाखला तिकडच्या भाषेत होता. तो कुणी मागितला नव्हता तरी त्यानं त्याचं भाषांतर केलं, आणि निवेदन न जोडता खणात ठेवून दिलं.

लेकीच्या खोलीतला पलंग रिकामाच राहिला. फायली पुन्हा तिथं ठेवाव्यात असं त्यानं दोनदा ठरवलं, आणि स्वतःच्या पलंगावर त्यांच्या कडेकडेनं झोपायची सवय केली. उशा दोन्ही तशाच प्लॅस्टिकच्या पिशवीत होत्या.

रविवारी फोन आला.

"तिकिटाचं काय केलंस?" त्यानं विचारलं. मुद्दाम तिसऱ्या मिनिटाला विचारलं, पहिल्यात नाही.

"परत होत नाही ते," लेक म्हणाली. "पण तारीख बदलता येते. मी मोकळी तारीख करून घेतलीय. जमलं की येते."

"हो, हो. सवडीनं. घाई नाही."

"उशी आणलीस म्हणे? वकीलबाईंनी निरोप टाकला होता. त्यांच्याकडे माझा नंबर कसा?"

"दिला असेल मी कधीतरी. मऊ लागते ना तुला?"

"उशीच लागत नाही, बाबा. मी कधीच घेत नाही."

मोकळ्या तारखेच्या तिकिटाच्या अटी खाली बारीक टाइपात असतात. त्यानं त्या लेकीकडून मागवून घेतल्या आणि सवयीनं पूर्ण वाचल्या. तिकीट काढल्या दिवसापासून एक वर्ष चालतं.

त्यातले सात महिने झाले.